स्वतःच्या खेळाला स्वतःचेच कुलूप

निपाणी भागात विडीशी परिचय नाही असे घर विरळाच. आमच्या गल्लीतील एक आजोबा रोज सकाळी पाच विड्या मोजून खिशात घालीत आणि उरलेले बंडल आजींच्या हवाली करीत. सहावी विडी हवी झाली तर आजींकडे मागावी लागे, आणि मागताना कारणही सांगावे लागे. बहुतेक दिवशी ते मागत नसत. ह्या गोष्टीवरून त्यांना कोणी पोरकट म्हटल्याचे मला आठवत नाही.

मात्र वीस-बावीस वर्षांचा विद्यार्थी आपल्याच मोबाईलवर खेळासाठी रोजची वेळमर्यादा लावतो, तेव्हा मित्रमंडळी त्याला हसतात. "घरचे लावतात ते तू स्वतःला लावून घेतलेस?" असा प्रश्न येतो. माझ्या मते हसण्यासारखे त्यात काही नाही. अडचण आहे ती निराळीच. ही मर्यादा आपण बहुधा चुकीच्या जागी लावतो, ती चार दिवसांत मोडते, आणि मग दोष आपल्या मनोबलाला देऊन मोकळे होतो.

हे मी स्वानुभवावरून लिहीत आहे. निपाणीहून बेळगावला सकाळी सातच्या बसने येणारा मी एक विद्यार्थी. एका आठवड्यात ती बस तीनदा चुकली, तेव्हा मोबाईलमधील हिशोब उघडून पाहिला. अँड्रॉइड फोनमध्ये Settings मध्ये Digital Wellbeing आणि त्यात Dashboard असा भाग असतो. कोणत्या दिवशी कोणत्या अ‍ॅपवर किती वेळ गेला, हे तेथे दिसते. मी दिवसाला तासभर खेळतो अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आठवड्याची सरासरी निघाली तीन तास वीस मिनिटे. म्हणून पहिली पायरी मर्यादा लावण्याची नव्हे. आधी आठवडाभर काहीही न बदलता नुसते मोजावे.

त्यानंतर त्याच ठिकाणी खेळाच्या नावापुढील App timer मध्ये एक तास लावला. वेळ संपत आली की सूचना येते, संपली की खेळ बंद होतो, आणि त्याचे चिन्ह मध्यरात्रीपर्यंत फिकट दिसते. चार दिवसांत मी तो टायमर तीनदा काढून टाकला. तो काढायला कसलाही संकेतशब्द लागत नाही. ज्या हाताने लावला त्याच हाताने अर्ध्या मिनिटात निघतो.

तिन्ही वेळा तो का काढला, हे पाहिल्यावर कारण उमगले. मी बीजीएमआय खेळतो. त्याच्या मोठ्या नकाशावरील एक डाव शेवटपर्यंत टिकलो तर सुमारे अर्धा तास चालतो, आणि त्यापूर्वी गडी जमवण्यात पाच-सात मिनिटे जातात. म्हणजे दोन डावांना सत्तर-पंचाहत्तर मिनिटे हवीत. माझा एक तास दुसऱ्या डावाच्या मधोमध संपत होता. डाव सोडला तर बाकीचे तिघे गडी उघडे पडतात, गुणही जातात. अशा क्षणी टायमर काढणे हा मोह नव्हे, ती जवळजवळ सोबत्यांशी बांधिलकीच वाटते. मर्यादा घड्याळाच्या तासाने ठरवली होती, आणि खेळ मात्र डावाने मोजला जात होता.

म्हणून टायमर पंचाहत्तर मिनिटांवर नेला आणि एक नियम जोडला: पस्तीस मिनिटे शिल्लक नसतील तर नवा डाव सुरू करायचा नाही. निर्णय घ्यायची जागा त्यामुळे बदलली. डावाच्या मध्यावर थांबणे फार कठीण असते, दोन डावांच्या मधल्या फटीत त्या मानाने सोपे. पंचाहत्तर हा आकडा तासापेक्षा मोठा असूनही तोच टिकला.

तरीही एक भोक राहिलेच होते. टायमरचा दिवस रात्री बाराला संपतो, खेळणाऱ्याची रात्र बाराला संपत नाही. एकदा पावणेअकराला बसलो आणि बाराच्या सुमारास पंचाहत्तर मिनिटे संपली. तेवढ्यात नव्या दिवसाची पंचाहत्तर मिनिटे हातात आली. उठलो तेव्हा सव्वा वाजला होता. हिशोबात दोन्ही दिवस निष्कलंक दिसत होते, पण बैठक अडीच तासांची झाली होती. शिवाय दुसऱ्या दिवसाचा वाटा मध्यरात्रीच संपलेला, त्यामुळे संध्याकाळी मित्रांची हाक आली आणि टायमर पुन्हा निघाला. फोनमध्ये Bedtime mode आहे, पण त्याने पडद्याचे रंग जातात आणि सूचना गप्प होतात. खेळ बंद होत नाही. ह्यावर उपाय फोनबाहेरचाच सापडला. चार्जर बाहेरच्या खोलीत ठेवला आणि अकराला फोन तेथे लावू लागलो.

टायमर लागू पडतो की नाही, हे कसे ओळखावे? रोजच्या आकड्याकडे पाहून नव्हे. महिन्यात तो किती वेळा काढला आणि धाकट्या भावाच्या फोनवरून आपल्याच खात्यात किती वेळा शिरलो, हे पाहावे. टायमर त्या एका फोनपुरता असतो, खाते मात्र कोणत्याही फोनवर उघडते. महिन्यातून एक-दोनदा काढला तर काही बिघडत नाही. दर दोन दिवसांनी निघत असेल, तर आकडा किंवा वेळ चुकली आहे असे समजून तो बदलावा.

किल्ली दुसऱ्याकडे द्यावी काय? आयफोनमध्ये तशी सोय आहे. तेथील Screen Time ला चार आकडी संकेतांक लावता येतो आणि तो मित्राकडून टाकून घेता येतो. आजींच्या ताब्यातील बंडलासारखीच ही तऱ्हा. ती सोय नसेल तर अँड्रॉइडचा टायमर कुलूप नव्हे, उंबरठा आहे असे मानावे. तो अडवीत नाही, पण ओलांडताना पाय उचलावा लागतो. खेळ देणारी कंपनी हे काम आपल्यासाठी करील, अशी आशा नको. बीजीएमआय 2023 च्या मे महिन्यात भारतात परत आला तेव्हा प्रौढांसाठी रोजची मर्यादा होती सहा तासांची! सातची बस पकडणाऱ्यास ती काय कामाची?

एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींच्या आधी खेळ येणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, हे साधारणपणे वर्षभर टिकले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात तो विकार गणला जातो. तेथे टायमर पुरणार नाही. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये 2014 पासून ह्यासाठी स्वतंत्र उपचार केंद्र आहे, आणि टेलि-मानसच्या 14416 ह्या क्रमांकावर घरबसल्या बोलता येते.

आपल्यापैकी बहुतेकांची गोष्ट मात्र तेवढी गंभीर नाही. आपण फक्त चुकीचा आकडा लावतो आणि तो मोडला की स्वतःवर रुसतो. आजोबांनी पाच हा आकडा पहिल्याच दिवशी ठरवला नसेल. आधी दिवसाला किती ओढतो हे त्यांनी कधीतरी मोजले असेलच.