वाटेवरचे एकच संबोधन

आळंदीहून पंढरपूरपर्यंतची वाट सुमारे 250 किलोमीटरची आहे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर ती चालणाऱ्या वारकऱ्यांत परस्परांची नावे थोड्यांनाच ठाऊक असतात. आणि नाव विचारण्याची गरजही सहसा पडत नाही. पाणी मागायचे असो, वाट मागायची असो वा निसटलेले उपरणे परत द्यायचे असो, समोरचा मनुष्य ‘माउली’च असतो.

‘माउली’ म्हणजे आई. वारकऱ्यांनी हे नाव ज्ञानेश्वरांना दिले आणि मग तेच वाटेवरच्या प्रत्येकाला वाटून टाकले. ज्याची पालखी, त्याच्याच नावाने सहप्रवाशाला हाक मारायची, असा हा संकेत आहे. ही हाक स्त्री-पुरुष, थोर-लहान असा भेद पाहत नाही. उत्तरही त्याच शब्दाने येते, म्हणून कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही. भेटीच्या वेळी ‘राम कृष्ण हरी’ म्हणून दोघेही एकमेकांच्या पायांशी वाकतात. वयाने वडील असलेलाही त्यास अपवाद नसतो.

या शब्दाचे बळ अडचणीच्या वेळी कळते. दिवे घाटाच्या चढणीवर एखादी वृद्धा आपल्या दिंडीपासून मागे पडते. दिंड्यांना रथापुढील व रथामागील असे क्रमांक असतात. तेवढाच तिला पाठ असतो. “माउली, रथामागची बारावी कुठं?” असे ती पहिल्याच दिसलेल्या माणसाला विचारते. अनोळखी पुरुषाशी बोलण्याचा संकोच त्या एका संबोधनाने गळून पडतो, आणि ‘आई’ म्हटल्यावर त्यालाही तिला तसेच टाकून पुढे जाणे जड जाते. तो तिला पुढच्याच्या स्वाधीन करतो. मुक्कामी समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो, लाखोंचा कोलाहल शांत होतो आणि हरवल्या-सापडल्याची वार्ता सर्वांच्या कानी पडते.

परंतु शब्दाने सारेच साधते असे नाही. त्याच आरतीच्या वेळी, जिची तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जाऊन गाऱ्हाणे ऐकतो. एकमेकांना माउली म्हणणाऱ्यांतही तंटे होतातच. इरावती कर्वे स्वतः वारीत चालल्या. दिवसभर एकत्र चालणारे आणि एकच भजन गाणारे ब्राह्मण व मराठा वारकरी जेवणाला मात्र वेगळे बसतात, ही वेदना त्यांनी ‘वाटचाल’ या लेखात नोंदविली आहे. हाक एक झाली होती. पंगत झाली नव्हती.

घरी परतल्यावर तोच वारकरी कोणाचा गिऱ्हाईक, कोणाचा देणेकरी, कोणाचा गडी होतो. वाटेवर ज्याला माउली म्हटले तोच मजुरी मागायला दारी आला, तर त्याला कोणत्या शब्दाने हाक मारली जाते, यावरून वारी किती अंगी लागली ते समजते.