हात वर केला की थांबायचं!

बालमित्रांनो, आज आम्ही तुम्हाला आमच्या शेजारच्या चिमीची गोष्ट सांगणार आहोत. चिमी राहते पिंपरीच्या नेहरूनगरात, आमच्या घराला घर लागून. वय वर्षे ६, इयत्ता पहिली. तिचे पप्पा चाकणच्या कंपनीत शिफ्टने कामाला जातात. चिमीला चहात बुडवलेले बिस्कीट फार आवडते, आणि रात्री तोंडात बिस्कीट असतानाच तिला झोप लागते.

एके दिवशी खिदळताना तिच्या खालच्या दाढेवर काळा ठिपका तिच्या आईला दिसला. दुखत काहीच नव्हते. आई म्हणाली, "दाखवून आणू या." एवढे ऐकताच चिमी कॉटखाली जाऊन बसली. त्याला कारणही तसेच होते. मस्ती केली की पप्पा म्हणत, "थांब, दाताच्या डॉक्टरकडे नेतो, सुईच टोचायला लावतो!" आणि गल्लीतल्या पोरांनी सांगितले होते की, तिथे एका खुर्चीला बांधतात आणि पकडीने दात उपटतात.

मग आजीने एक युक्ती केली. चिमीचे डोके आपल्या मांडीवर घेतले, तोंड उघडायला लावले आणि चमच्याच्या दांड्याने एकेक दात मोजला. मोजून भरले २०. मग चिमीने आजीचे मोजले. भरले ९! दोघी पोट धरून हसल्या. आजी म्हणाली, "डॉक्टरीण बी एवढंच करणार बघ, दात मोजणार. तिला बरोबर मोजता येतं का, तू ध्यान ठेव."

शनिवारी आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि चिमीला व तिच्या आईला घेऊन संत तुकारामनगरच्या डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयात गेलो. चिमीला पोटभर पोहे खाऊ घातले होते, कारण भुकेले मूल लवकर रडकुंडीला येते. कागद काढून लहान मुलांच्या विभागात गेलो. तिथे ओळीने खुर्च्या होत्या. चिमीने आधी निरखून पाहिले, की कुणाला बांधले आहे का. एकालाही बांधले नव्हते.

एक तरुण डॉक्टरताई आल्या. त्यांनी चिमीला लगेच खुर्चीत बसवले नाही. तिच्या हातातली बाहुली बसवली आणि बटण दाबले. खुर्ची घूंऽऽ करीत वर गेली, मग पाठ टेकवून आडवी झाली. "आता तू बटण दाब," त्या म्हणाल्या. चिमीने बाहुलीला दोनदा वर नेले, दोनदा खाली आणले. तिसऱ्या वेळी ती स्वतःच चढून बसली.

त्यानंतर ताईंनी एकेक वस्तू आधी नावाने सांगितली, मग तिच्या हातावर करून दाखवली, आणि मगच तोंडात घातली. छोटा गोल आरसा तिच्या अंगठ्यावर धरला. एका नळीतून तिच्या तळहातावर वारा सोडला, मग त्याच नळीतून पाण्याची चिळकांडी. थुंकी ओढणारी नळी पेल्यातल्या पाण्यात धरली, तर ती सुर्रकन सगळे पाणी प्याली. चिमी खुदकन हसली.

"आता आपला एक करार," ताई म्हणाल्या. "तुला थांबायचं असेल तर डावा हात वर करायचा. मी लगेच थांबणार."

ताईंनी आरसा आत घातला आणि चिमीने हात वर केला. ताई थांबल्या. आरसा बाहेर. पुन्हा आत घातला, पुन्हा हात वर. पुन्हा थांबल्या. काहीच दुखत नव्हते, बरे का! ती फक्त खात्री करून घेत होती. चौथ्यांदाही ताई न रागावता थांबल्या, तेव्हा चिमीने हात पोटावर ठेवला आणि तोंड चांगले मोठे उघडले. आम्हाला वाटते, तिची भीती गेली ती त्याच क्षणी.

ताईंनी मोजले, "बावीस!"

"चूक!" चिमी ओरडली. "आजीनं वीस मोजले!"

ताईंनी हातात आरसा देऊन दाखवले. खाली, अगदी मागे, दोन्ही बाजूंना एकेक नवी दाढ डोके काढीत होती. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास ही दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही, म्हणून घरात पत्ताच लागत नाही, आणि पुष्कळ आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. खरे तर ती कायमची असते. एकदा गेली की दुसरी येत नाही.

आई म्हणाली, "पण ठिपका तर दुधाच्या दाढेवर आहे. ती पडणारच ना?"

"पडेल, पण १०-११ वर्षांची झाल्यावर," ताई म्हणाल्या. "तोवर तिनेच घास चावायचा आहे आणि खालच्या दाताची जागाही राखायची आहे. कीड शिरेपर्यंत आत गेली की रात्री ठणका लागतो, हिरडीवर पुळी येते, गाल सुजतो. तसं दिसलं तर एक दिवसही थांबू नका."

चिमीची कीड वरवरची होती. ताईंनी इवल्याशा चमच्यासारख्या हत्याराने मऊ झालेला भाग खरवडून काढला. मशीन नाही, सुई नाही. हाताने कीड काढण्याची ही रीत १९८०च्या दशकात आफ्रिकेतील टांझानियात पुढे आली, जिथे वीज नाही तिथेही दात वाचावेत म्हणून. मग दाढेभोवती कापूस ठेवून ती कोरडी केली. पांढरी पूड आणि एक द्रव घोटून लगदा केला आणि तो खड्ड्यात दाबून भरला. काही मिनिटांत तो घट्ट झाला. "तासभर काही खायचं नाही," ताई म्हणाल्या. कीड खोल असती तर मशीन लागले असते, कदाचित सुईही. दुखण्याआधी नेले, म्हणून एवढ्यावर भागले.

"दुखलं का गं?" आम्ही विचारले.

"खरखर झालं. आणि गार लागलं," चिमी म्हणाली. खोटे ती बोलत नाही.

संध्याकाळी पप्पा घरी आले. नेहमीसारखी गालात लवंग धरलेली. त्यांची दाढ दोन महिने ठणकत होती आणि रोज ते "उद्या बघू" म्हणत होते. चिमी त्यांच्यासमोर उभी राहिली. "पप्पा, तुम्ही घाबरता ना?"

पप्पा काहीच बोलले नाहीत.

"तिथं बांधत नाहीत. आधी हातावर दाखवतात. आणि हा हात वर केला की थांबतात. मी चार वेळा करून बघितलं."

पुढच्या सुट्टीच्या वारी पप्पा गेले. चिमी बाहुली घेऊन बरोबर होती. सुईची धमकी त्या घरात पुन्हा ऐकू आलेली नाही. आणि झोपण्याआधी चिमी दात घासते, आजी तिच्या मागच्या दोन नव्या दाढांवर ब्रश फिरवते. त्यानंतर बिस्कीट बंद.

बालमित्रांनो, आज आजीच्या मांडीवर डोके ठेवा आणि दात मोजून घ्या. किती भरले?