दारकारक कोण? सगळ्यात कमी अंशाचा ग्रह शोधताना

पत्रिकेच्या ॲपवर हल्ली ‘तुमचा दारकारक शनी’ अशी एक ओळ दिसते आणि मग घरात काळजी सुरू होते. स्थळ पाहायला सुरुवात झालेली असेल तर जास्तच. म्हणून या वेळी दारकारक ठरतो कसा आणि त्यावर किती विसंबायचे, तेवढेच पाहू.

‘दारा’ म्हणजे पत्नी. गंमत अशी, की संस्कृतात ‘दार’ हा शब्द पुल्लिंगी आहे आणि तो बहुवचनातच चालतो. आज मात्र दारकारक स्त्री-पुरुष दोघांच्याही पत्रिकेत जोडीदारासाठीच पाहतात. नेहमीच्या पद्धतीत विवाहाचा कारक शुक्र, तो सगळ्यांना सारखाच. जैमिनी पद्धतीत कारक ‘चर’ असतात, म्हणजे प्रत्येकाच्या पत्रिकेत ते बदलतात. ज्या ग्रहाचे अंश सर्वांत जास्त तो आत्मकारक, आणि ज्याचे सर्वांत कमी तो दारकारक. रास कोणती हे इथे बघायचे नाही, राशीतले अंश आणि कला तेवढ्या बघायच्या.

एक नमुन्याची पत्रिका घेऊ. जन्म मे महिन्याच्या अखेरीचा, रात्री ९ चा. बुध मेषेत २८ अंश ५० कला, मंगळ २१ अंश ५ कला, शनी १८ अंश ५६ कला, रवी वृषभेत १४ अंश २२ कला, गुरू ८ अंश ३१ कला, चंद्र कन्येत २ अंश १० कला आणि शुक्र मिथुनेत १ अंश ४८ कला. बुध आत्मकारक झाला, शुक्र दारकारक.

काही जण सात ग्रहांऐवजी राहू धरून आठ घेतात. राहू नेहमी उलटा चालतो, म्हणून त्याचे अंश ३० मधून वजा करायचे. राहू १२ अंशांवर असेल तर तो १८ धरायचा. सात की आठ हा वाद जुना आहे, पण दारकारकापुरता तो फारसा अडत नाही. मधल्या कारकांची नावे सरकतात, शेवटचा ग्रह बहुधा तोच राहतो. राहू राशीच्या अगदी शेवटी, समजा २८ अंश ३० कलांवर असेल, तरच वजाबाकीनंतर तो १ अंश ३० कलांवर येतो आणि शुक्राची जागा घेतो. तुमच्या पत्रिकेत राहू २६-२७ अंशांच्या पुढे नसेल तर बहुतेक वेळा हा प्रश्न येतच नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. या पत्रिकेत शुक्र आणि चंद्र यांच्यात फक्त २२ कलांचे अंतर आहे. चंद्र तासाला साधारण ३३ कला चालतो. जन्म रात्री ९ ऐवजी ८ चा धरला तर चंद्र १ अंश ३७ कलांवर येतो. शुक्र जेमतेम तीन कला मागे जातो. म्हणजे दारकारक शुक्राऐवजी चंद्र! आणि जन्म दुपारी साडेचारचा असेल तर चंद्र अजून सिंहेच्या शेवटच्या अंशात असतो. तो थेट आत्मकारक होतो आणि दारकारकाची जागा पुन्हा शुक्राकडे जाते. चंद्र सोडून बाकीचे ग्रह तासाभरात इतके हलत नाहीत. म्हणून सर्वांत कमी अंशांच्या दोन ग्रहांत चंद्र असेल आणि जन्मवेळ ‘आजी सांगायची, दिवेलागणीनंतर’ अशी असेल, तर दारकारक नक्की झाला असे समजू नका.

दुसरी अडचण अयनांशाची. ॲपच्या सेटिंगमध्ये लाहिरी, रामन असे पर्याय दिसतात. या दोन्हींत जवळपास दीड अंशाचा फरक आहे. वरची पत्रिका लाहिरी अयनांशाची. तीच रामन अयनांशाने काढली तर सगळे ग्रह साधारण १ अंश २७ कला पुढे सरकतात. मंगळ, शनी, रवी, गुरू आपापल्या जागी राहतात, क्रमही तोच. पण बुध मेष ओलांडून वृषभेत ० अंश १७ कलांवर येतो. आत्मकारक होता तो एका सेटिंगमुळे दारकारक झाला. महाराष्ट्रातल्या ज्या घरांत टिळक पंचांग पाळतात, तिथे हा फरक सुमारे चार अंशांचा असतो, कारण ते रैवतपक्षी आहे. म्हणून दोन ज्योतिषांनी दोन वेगळे ग्रह सांगितले तर भांडायच्या आधी अयनांश विचारा. आणि तुमच्या पत्रिकेत एखादा ग्रह २८-२९ अंशांवर असेल तर त्याच्याकडे आधी बघा.

आता ‘कमी अंश म्हणजे दुबळा ग्रह, म्हणजे दुबळा जोडीदार’ ही समजूत. ती इथे लागू नाही. अंशांवरून इथे फक्त क्रम ठरतो. ग्रहाचे बळ पाहायला नवमांश बघतात. दर नवमांश ३ अंश २० कलांचा असल्यामुळे दारकारक पुष्कळदा राशीच्या पहिल्याच नवमांशात सापडतो. आपला शुक्र मिथुनेत आहे. मिथुनेचा पहिला नवमांश तुळेचा, म्हणजे शुक्र स्वतःच्या घरी. समजूतदार, नीटनेटका, चारचौघांत वावरणारा जोडीदार, असे त्याचे वाचन करतात. जन्म तासभर आधीचा निघाला तर कन्येतला चंद्र मकर नवमांशात जातो आणि वाचन होते हळवा पण मनातले चटकन न बोलणारा जोडीदार. शनी दारकारक असेल तर वयाने किंवा वृत्तीने प्रौढ, कमी बोलणारा, जबाबदारी उचलणारा माणूस असे सांगतात. घटस्फोट किंवा अविवाहित राहणे हे काही केवळ त्या एका ओळीतून निघत नाही.

आणखी एक गोष्ट ॲप सांगत नाही. दारकारक ठरवताना लग्नरास कुठेच येत नाही. त्यामुळे चंद्राचा घोळ नसेल तर त्या दिवशी जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या बाळांचा दारकारक एकच. प्रसूतिगृहातल्या दहाही पाळण्यांत तोच शुक्र! त्या सगळ्यांना एकाच स्वभावाचा जोडीदार मिळणार नाही, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. फरक येतो तो लग्नराशीमुळे, आणि ती साधारण दोन तासांनी बदलते. रात्री ९ वाजता धनु लग्न होते, म्हणून मिथुनेतला हा शुक्र सप्तमात, थेट विवाहस्थानात. त्याच दिवशी सकाळी १० वाजता जन्मलेल्या मुलीचे कर्क लग्न. तिचाही दारकारक शुक्रच, पण तो व्ययस्थानात, आणि तिथे दूरच्या गावचा किंवा परदेशातला जोडीदार असा अर्थ लावतात.

म्हणून ज्योतिषांकडे जाल तेव्हा ‘माझा दारकारक कोण’ एवढेच विचारून उठू नका. तो कोणत्या स्थानात आहे, नवमांशात कुठे आहे, सप्तमेश आणि उपपद त्याच्याशी जुळतात का, आणि त्याच्या वरचा ग्रह किती कलांनी पुढे आहे, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या अंशापेक्षा कमी आले आणि त्या दोघांत एक चंद्र असला, तर रुग्णालयाच्या कागदावरची जन्मवेळ आधी शोधून काढा.