आधी आकृती, मग उत्तर
या आठवड्यात अन्नतंत्रज्ञानाच्या मुलांच्या सराव उत्तरपत्रिका तपासल्या. दहा गुणांचा प्रश्न दुधाच्या एचटीएसटी पाश्चरीकरणाचा होता. बहुतेकांचं पहिलं पान लुई पाश्चरच्या चरित्रातच संपलं होतं आणि आकृती बिचारी शेवटच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. माझं म्हणणं सरळ आहे: आकृती आधी काढा, पेन्सिलीने, अर्धं पान भरून, आणि शीर्षकं तिच्यातूनच घ्या. तत्त्व तीन ओळींत उरका. ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद हे त्यात यायलाच हवं. मग बॅलन्स टँक, पंप, रिजनरेशन, हीटिंग, होल्डिंग ट्यूब, फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह, पुन्हा रिजनरेशन आणि ४ अंशांपर्यंत कूलिंग, अशी दुधाची वाट बाणांनी दाखवा. खरी पारख त्या व्हॉल्व्हपाशी होते. एका मुलाने तो होल्डिंग ट्यूबच्या आधीच काढला होता. तिथे दूध ७२ अंशांवर पोचलं एवढंच कळतं. पुढे नळीत ते निवलं तर अडवणार कोण? तो नळीच्या शेवटी, तापमापकाच्या लगेच पुढे हवा, आणि त्याच्यापासून बॅलन्स टँककडे परतणारा बाणही हवा. त्या बाणाला 'कमी तापलेलं दूध' असं नाव दिलं की 'सुरक्षा नियंत्रण' या शीर्षकाखालचा मजकूर आपोआप सुचतो. शेवटचं शीर्षक फॉस्फेटेज चाचणीचं: कच्च्या दुधातलं हे विकर योग्य पाश्चरीकरणात नष्ट होतं, म्हणून चाचणी नकारात्मक आली तरच दूध पुरेसं तापलं.