कडेची माणसं

‘थोडंसं कापलं जाईल, चालेल ना?’ फ्रेमच्या दुकानात हा प्रश्न आपल्याला इतक्या सहजपणे विचारला जातो की आपणही तितक्याच सहजपणे मान हलवतो. माझं म्हणणं असं, की या प्रश्नाला कधीही ‘चालेल’ म्हणू नये. निदान काय कापलं जाणार आहे हे पाहिल्याशिवाय तरी नाहीच.

दोन दिवाळ्यांपूर्वी आम्ही घरचे सगळे नगरला (आता कागदोपत्री अहिल्यानगर) जमलो होतो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी चांदबिबीच्या महालावर गेलो. महाल म्हणायची सवय, एरवी ती सलाबतखानाची अष्टकोनी, तीन मजली कबर. तिच्यासमोर आम्ही बाराजण एका ओळीत उभे राहिलो आणि पुतण्याने त्याच्या कॅमेऱ्यावर फोटो काढला. फोटो उत्तम आला. बाबांनी तो छापून आणि फ्रेम करून आणला, दिवाणखान्यात लावला. पुढच्या वेळी आत्या आली, फ्रेमसमोर जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, ‘छान आलाय.’ तिनं एवढंच म्हटलं. ती त्या फोटोत नव्हती. डाव्या टोकाला ती आणि उजव्या टोकाला नवी वहिनी, दोघीही गायब. बारा जणांचे दहा झाले होते आणि घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

हे कसं झालं, याचं गणित चौथीतल्या मुलाला जमेल असं आहे. पुतण्याच्या कॅमेऱ्याचा फोटो 6000 बाय 4000 ठिपक्यांचा. लांब बाजूला आखूड बाजूने भागलं की 1.5 येतं. बाबांनी घेतलेली तयार फ्रेम 8×10 इंची. तिथे भागाकार 1.25. दोन आकडे जुळत नाहीत, म्हणजे फोटो त्या कागदावर पुरता बसणार नाही. आठ इंच उंची भरायची तर रुंदी बारा इंच लागते आणि कागद आहे दहाच इंच. दोन इंच जादा झाले, ते यंत्राने मधून मोजून दोन्ही बाजूंनी एकेक इंच उडवले. बारा इंचांत बारा माणसं, प्रत्येकाच्या वाट्याला एक इंच. टोकाच्या दोघींचा हिशेब असा चुकता झाला.

यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही, कारण ते फक्त मध्यबिंदू ओळखतं. पण कुटुंबाच्या फोटोत मध्यबिंदूवर कोण असतं? आजोबा, कर्ता मुलगा, नवरदेव. कडेला कोण? ज्या बाईला ‘तुम्ही व्हा पुढं’ म्हणायची सवय आहे ती. जी स्वयंपाकघरातून हात पुसत शेवटी येते ती. म्हणून ‘थोडंसं कापलं तर काय बिघडतं’ हे वाक्य मला निरुपद्रवी वाटत नाही. कापणं दरवेळी कडेपासूनच सुरू होतं.

बरं, यावर दुकानदाराचा दुसरा पर्यायही फसवाच असतो. ‘न कापता बसवतो, पण पांढरी पट्टी येईल.’ दहा इंच रुंदी भरली की उंची पावणेसात इंचांच्या आतच राहते. वर आणि खाली साधारण पाऊण-पाऊण इंच कोरा कागद उरतो, डाव्या-उजव्या बाजूला काहीच नाही. असा फोटो आखूड पडलेल्या चादरीसारखा दिसतो. लोक तो नाकारतात आणि नाइलाजाने कापायला होकार देतात. चूक इथेच आहे. पर्याय दोनच आहेत असं आपण धरून चालतो.

मुळात 8×10 हे माप आलं कुठून? मोठ्या, तिपाईवरच्या कॅमेऱ्यात त्या मापाच्या निगेटिव्ह वापरत, आणि निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढ्याच मापाचा फोटो छापत. पुढे 1925 साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने 24×36 मिलिमीटरची चौकट रूढ केली, तिचा भागाकार 1.5. आजच्या बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांनी तीच चालवली. मोबाइलचा फोटो सहसा 4:3, म्हणजे 1.33. कॅमेरे बदलले, फ्रेमच्या मांडणीवरचं 8×10 तसंच राहिलं. आत्याला कापलं ते या जुन्या मापानं.

मग करायचं काय? क्रम उलटा करायचा. आधी फोटो, मग कागद, मग माउंट आणि सगळ्यात शेवटी फ्रेम. आपण बरोबर उलटं करतो. फ्रेम स्वस्तात मिळाली म्हणून घेतो आणि फोटोला तिच्यात कोंबतो.

आमच्या फोटोचं दुसऱ्यांदा काय केलं ते सांगतो. भागाकार 1.5, म्हणून कागद 8×12 इंची. काहीही न कापता फोटो पूर्ण बसला. तो थेट 8×12 च्या फ्रेममध्ये घातला असता तर फ्रेमच्या पट्टीने आपल्या खाचेखाली चारही बाजूंनी साधारण पाव इंच गिळला असता. काठावर उभ्या माणसाला तेवढंही महाग पडतं. म्हणून फ्रेम घेतली 12×16 ची, तयारच, आणि मध्ये जाड पुठ्ठ्याचा माउंट. माउंटला खिडकी कापली पावणेआठ बाय पावणेबारा इंचांची. फोटो मागून टेकायला प्रत्येक बाजूला एक अष्टमांश इंच पुरतो. आता गंमत पाहा: बारातून पावणेआठ गेले, उरले सव्वाचार. सोळातून पावणेबारा गेले, तरी उरले सव्वाचार. म्हणजे चारही बाजूंना सारखीच, दोन इंचांहून किंचित जास्त पट्टी.

फ्रेम 4:3 ची, फोटो 3:2 चा, आणि तरी विसंगती कुठेच दिसत नाही. सारख्या रुंदीची पट्टी चहूबाजूंनी जोडली की प्रमाण आपोआप बदलतं, हे माउंटचं खरं काम. ज्या पांढऱ्या पट्टीला घाबरून आपण माणसं कापतो, तीच चारही बाजूंना सारखी आली की शोभते. शिवाय फोटो काचेपासून सुटा राहतो. अकोल्याच्या बाजूला, भंडारदऱ्याच्या पावसात, काचेला टेकलेला फोटो दमटपणाने तिला चिकटतो आणि सोडवताना वरचा थर काचेवरच राहतो.

‘हे खर्चाचं काम’ असा आक्षेप येईल. खास मापाची फ्रेम बनवून घेणं महाग, हे मान्य. पण इथे फ्रेम तयारच आहे, वाढला तो एका पुठ्ठ्याचा आणि चार काप मारण्याचा खर्च. माउंटने सगळंच सुटतं असंही नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा तो लांबलचक, तीनास एक फोटो 12×16 मध्ये टाकलात तर टपालाच्या पाकिटाच्या खिडकीसारखा दिसेल. तिथे फ्रेम मापानेच बनवावी. आणि कापूच नये असंही मी म्हणत नाही. काढणाऱ्यानं विचार करून फोटो कापला तर तो त्याचा निर्णय असतो. दुकानातल्या शिल्लक फ्रेमनं तो घेऊ नये, इतकंच.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात तो प्रश्न आला की आधी छापायचा फोटो पडद्यावर बघायला मागा. मधले चेहरे पाहू नका, ते राहणारच आहेत. दोन्ही कडा पाहा आणि माणसं मोजा.

नवी फ्रेम लागली तेव्हा आत्या नव्हती. ती फ्रेममध्ये आहे, डावीकडून पहिली.