उपाशी पोटी, पण गोळीविना नव्हे

“उद्या सकाळी उपाशी पोटी या.” रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी देताना बहुतेक वेळा एवढंच सांगितलं जातं. माणूस घरी पोचेपर्यंत त्या वाक्याचा अर्थ मात्र वाढत जातो. ज्या घरात निर्जळी एकादशी पाळली जाते, तिथं उपाशी म्हणजे तोंडात काहीही जाऊ द्यायचं नाही. मग पाणीही नको आणि सकाळच्या गोळ्याही नकोत. परतूर तालुक्यातल्या आष्टीसारख्या गावातून पहाटे निघून परतूरला किंवा जालन्याला तपासणीला जाणारा साखरेचा आणि बीपीचा रुग्ण गोळ्यांची पुडी घरीच ठेवून येतो. जेवण घडेपर्यंत दुपार होते, कधी संध्याकाळ. त्या दिवशीच्या गोळ्या बुडतात. त्या बुडाल्याने तपासणी जास्त खरी होते, हा समज मला चुकीचा वाटतो. त्यातून पुढे जे घडतं ते तर धोक्याचं आहे.

उपाशी राहायला का सांगतात, हे आधी पाहू. अन्न पोटात गेलं की रक्तातली साखर चढते आणि चरबीचा ट्रायग्लिसराइड नावाचा घटकही वाढतो. तो चढ उतरून रक्त स्थिर व्हावं म्हणून किमान आठ तास अन्न वर्ज्य करायचं. अट अन्नाची आहे, दूध-साखरेच्या चहाचीही आहे, पण पाण्याची नाही. साध्या पाण्यात ना साखर असते ना चरबी. उलट पाणी न पिता आलेल्या माणसाची शीर पटकन सापडत नाही आणि सुई दोनदा टोचावी लागते. बीपीच्या गोळीसोबत घोटभर पाणी प्यायल्याने साखरेचा आकडा हलत नाही. म्हणजे ‘उपाशी’ या शब्दात गोळीची बंदी नाही, ती आपण त्यात घातलेली आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वरवर पाहता पटण्यासारखा आहे. गोळी घेऊन तपासलं तर खरा आजार झाकला जाणार नाही का? औषधाशिवाय शरीरात साखर किती आहे हे डॉक्टरांना कळायला नको का? ज्याला मधुमेह आहे की नाही हेच अजून ठरायचं आहे, त्याच्याबाबत हा प्रश्न योग्य आहे, पण त्याची गोळी मुळात सुरूच झालेली नसते. निदान झालेल्या, वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्या माणसाची तपासणी वेगळ्या कारणासाठी होते. त्याला आजार आहे हे ठाऊकच आहे. चाललेलं औषध पुरतं की कमी पडतं, एवढंच पाहायचं असतं. ज्या औषधाची परीक्षा घ्यायची तेच त्या दिवशी काढून टाकलं, तर परीक्षा कोणाची झाली?

हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते जेवणानंतरच्या साखरेत, ज्याला सगळे ‘पीपी’ म्हणतात. एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. अठ्ठावन्न वर्षांची एक बाई सकाळी जेवणाआधी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम घेते आणि जेवणासोबत मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम. रात्री साडेआठला जेवून ती सकाळी साडेआठला रक्त देते. उपाशी साखर येते १३२. मधुमेह्यासाठी ८० ते १३० हे साधारण लक्ष्य धरतात, म्हणजे ती काठावर आहे. मग तिला “जेवून दोन तासांनी परत या” असं सांगतात. ती डब्यातली भाकरी खाते, पण “आज तपासणी आहे” म्हणून गोळ्या घेत नाही. दोन तासांनी आकडा येतो २६२. गोळ्या घेऊन जेवली असती तर तो १७५च्या आसपास आला असता, आणि १८०च्या आतला आकडा ठीक मानतात. डॉक्टरांपुढे मात्र २६२ असलेला कागद जातो. गोळी घेतली होती का, हे गर्दीत कोणी विचारत नाही आणि तीही सांगत नाही, कारण आपण नियमच पाळला असं तिला वाटतं. ग्लिमेपिराइड १चं २ होतं.

खरी हानी यानंतर सुरू होते. दुसऱ्या दिवसापासून ती वाढीव गोळी रोज इमानेइतबारे घेते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं आणि त्याचा जोर घेतल्यापासून दोन-तीन तासांत सर्वाधिक असतो. सकाळी आठला गोळी आणि थोडी भाकरी पोटात जाते, मग कापसाच्या वावरात काम सुरू होतं. अकराच्या सुमारास घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. मराठवाड्यात उन्हात राबणाऱ्या माणसाला अशा वेळी ऊन लागलं असंच वाटणार. तिला सावलीत बसवतात, पाणी देतात, आणि साखर उतरलेली असताना साखर तेवढी देत नाहीत. अशा वेळी ग्लुकोमीटर असेल तर पाहावं. ७०च्या खाली आकडा म्हणजे साखर उतरली आहे. यंत्र नसेल तर वाट पाहू नये. शुद्धीवर असलेल्या आणि गिळू शकणाऱ्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा द्यावी, आणि नंतर काही खायला द्यावं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, त्याला तडक दवाखान्यात न्यावं.

चुकीचा आकडा ओळखता येतो. एचबीएवनसी ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते आणि तिला उपाशी राहावंही लागत नाही. ती ७ असेल तर सरासरी साखर साधारण १५४ पडते. अशा रुग्णाची पीपी अचानक २६२ आली, तर गोळी वाढवण्याआधी त्या सकाळी गोळी घेतली होती का, हे विचारायला हवं. त्या दिवशी काय खाल्लं हेही विचारायला हवं. बसस्टँडवर दोन बिस्किटांवर भागवलं असेल तर आकडा उलट्या बाजूने फसवतो. रोजचं जेवण आणि रोजची गोळी असेल, आणि पहिल्या घासापासून दोन तास मोजले असतील, तरच पीपीला अर्थ आहे.

बीपीच्या बाबतीतही हीच चूक दुसऱ्या रूपाने होते. अॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन सकाळी घेतलं नाही, रात्री झोप झाली नाही, बसमध्ये उभं राहून प्रवास झाला, आणि रक्त देताना बीपीही मोजला गेला. तो वर आला की आणखी एक गोळी लिहिली जाते. अॅम्लोडिपिनचा अंमल सावकाश ओसरतो, म्हणून एखाद्या दिवशी चार तास उशीर झाल्याने काही बिघडत नाही, हे मान्य केलं पाहिजे. पण सगळ्या गोळ्या अशा नाहीत. मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल, क्लोनिडिन यांत खंड पडला तर बीपी किंवा नाडीचे ठोके उसळू शकतात. फिटच्या गोळीची एक मात्रा चुकली तरी काही रुग्णांना झटका येतो. त्यामुळे हृदयाच्या, बीपीच्या आणि फिटच्या गोळ्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर नेहमीच्या वेळी घोटभर पाण्यासोबत घ्याव्यात. लघवी वाढवणाऱ्या गोळीला मी सवलत देईन. लांबच्या बसप्रवासात ती घेणं, विशेषतः बायकांना, किती अवघड असतं हे उघड आहे. ती पोचल्यावर किंवा परतल्यावर घेतली तरी चालते, फक्त विसरू नये.

आता समोरच्या टोकाचा सल्ला. “रोजच्या सगळ्या गोळ्या घेऊनच या” असंही सांगणारे भेटतात. तो सल्ला पहिल्यापेक्षा वाईट आहे. ग्लिमेपिराइड किंवा सकाळचं इन्सुलिन अन्नाच्या भरवशावर दिलेलं असतं. ते घेऊन रिकाम्या पोटी बसमध्ये बसायचं आणि पुढे रांगेत उभं राहायचं म्हणजे साखर उतरण्याला आमंत्रणच. ही औषधं बुडवायची नाहीत, जेवणासोबत पुढे सरकवायची आहेत. उपाशी रक्त दिलं, की डबा उघडण्याआधी गोळी. मिक्स्ड इन्सुलिन असेल तर रक्त दिल्यावर नेहमीच्या मात्रेत, आणि नेहमीइतकंच अंतर ठेवून जेवण. रात्रीचं लांब अंमलाचं इन्सुलिन स्वतःच्या मनाने कमी करू नये, ते आधी विचारून घ्यावं. म्हणून तपासणीला निघताना पिशवीत चिठ्ठीच्या जोडीला डबा, गोळ्या आणि साखरेची पुडी असलीच पाहिजे.

थायरॉइडची गोळी या दोन्हींच्या मधली आहे. ती रोजच रिकाम्या पोटी घेतात, म्हणून तिला उपाशीपणाची अडचण नाही. टीएसएचचा आकडा सकाळच्या एका गोळीने हलत नाही. पण फ्री टी-४ तपासायचा असेल तर गोळी घेतल्यावर काही तास तो वर दिसतो, तेव्हा ती रक्त दिल्यानंतर घ्यावी आणि अर्ध्या तासाने जेवावं.

यावर कोणी म्हणेल, हे सगळं म्हाताऱ्या माणसाच्या लक्षात कसं राहणार? सोपा नियम हवा, आणि “काहीच घेऊ नका” इतका सोपा नियम दुसरा नाही. सोपेपणाची गरज मला मान्य आहे. पण तो नियम चुकीचा आकडा देत असेल, तर त्याचा भार दुसऱ्या दिवसापासून रुग्णाच्याच अंगावर पडतो. त्याऐवजी दोन वाक्यांत सांगता येईल: साखरेची औषधं जेवणाच्या वेळेला बांधलेली, ती जेवणासोबत, बाकीच्या गोळ्या पाण्यासोबत, डॉक्टर नको म्हणाले असतील ती सोडून. आशाताई हे सहज समजावू शकतात, आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात ‘शेवटची गोळी किती वाजता’ एवढं लिहायला जागा असली तर गर्दीतल्या डॉक्टरांचाही प्रश्न सुटतो.

स्कॅनच्या दिवशी हा नियम कुठवर चालतो? पोटाच्या सोनोग्राफीत उपाशी ठेवतात ते पित्ताशय भरलेलं दिसावं आणि आतड्यात वायू कमी असावा म्हणून. घोटभर पाण्यातली बीपीची गोळी त्यात आड येत नाही. भूल देऊन करायच्या तपासणीचे नियम मात्र निराळे असतात, ते भूलतज्ज्ञाकडूनच घ्यावेत. शिरेतून रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन करायचा असेल तर प्रश्न मेटफॉर्मिनचा येतो. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं, आणि मूत्रपिंड फार अशक्त असेल तर रंगद्रव्यानंतर ते अंगात साठू शकतं. म्हणून स्कॅनआधी क्रिएटिनिन तपासतात आणि त्यावरून ईजीएफआर हा आकडा काढतात. तो ३०च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन स्कॅनच्या वेळी थांबवून ४८ तासांनी, क्रिएटिनिन पुन्हा पाहूनच सुरू करतात. मूत्रपिंड धड असेल तर बहुतेकांना ते थांबवावंही लागत नाही. थांबवायला सांगितलं असेल, तर ते पुन्हा कोणत्या दिवशी आणि कोणती तपासणी झाल्यावर सुरू करायचं, हे स्कॅन सेंटरमधून निघण्याआधी चिठ्ठीवर लिहून घ्यावं. तोंडी सांगितलेलं ‘सध्या बंद ठेवा’ महिनोन् महिने तसंच राहतं आणि साखर चढत जाते.