स्वागताची मराठी, सूचनांची इंग्रजी

अमेरिकेने १९६५ साली आपला राष्ट्रनिहाय कोट्यांचा स्थलांतर कायदा बदलला आणि महाराष्ट्रातील डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक तिकडे मोठ्या संख्येने जाऊ लागले. त्यांच्यामागोमाग शहरोशहरी महाराष्ट्र मंडळे उभी राहिली आणि १९८१ मध्ये या मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. अशा एखाद्या मंडळाच्या गणेशोत्सवात किंवा दिवाळी संमेलनात अध्यक्षांचे स्वागताचे भाषण अर्धे मराठीत आणि अर्धे इंग्रजीत होते, याबद्दल इकडे पुष्कळदा नाके मुरडली जातात. ती मुरडण्याचे कारण नाही. कोणत्या भाषेवर कोणते काम सोपवले जाते, हा खरा प्रश्न आहे.

सभागृहात कोण बसलेले असते ते आधी पाहावे. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले आजी-आजोबा, स्थलांतरित पिढीतील यजमान, तेथेच जन्मलेली मुले आणि मराठी अजिबात न येणाऱ्या सुना, जावई व पाहुणे. यांतील बहुतेकांना दोन्ही भाषा कमी-अधिक समजतात. केवळ मराठी किंवा केवळ इंग्रजी समजणारे थोडे असतात, पण त्यांना डावलता येत नाही. म्हणून वक्ता सोपा मार्ग धरतो : प्रत्येक वाक्य आधी मराठीत, मग इंग्रजीत.

या मार्गाची किंमत किती, ते अर्थशास्त्राच्या शिक्षकाने मोजावे हे स्वाभाविकच आहे. सात मिनिटांचे भाषण चौदा मिनिटांचे होते, एवढ्यावर ती थांबत नाही. अमेरिकेतील द्विभाषिक वर्गांचा अभ्यास करणाऱ्यांनी १९८० च्या दशकातच दाखवून दिले होते, की शिक्षक प्रत्येक गोष्ट दोन्ही भाषांत सांगू लागला म्हणजे मुले न येणाऱ्या भाषेकडे कान देणेच सोडतात. आपले वाक्य मागून येणारच आहे, हे त्यांना ठाऊक झालेले असते. मंडळाच्या सभागृहातला दहा वर्षांचा मुलगाही हेच करतो. मराठी चालू असताना तो शेजाऱ्याशी बोलतो आणि इंग्रजी सुरू होताच मान वर करतो. भाषणाचे काय झाले, हे व्यासपीठावरून या एका खुणेने ओळखता येते.

दुसरा मार्ग वाटणीचा. यात आरंभीची दोन मिनिटे मराठी असते : ‘सन्माननीय व्यासपीठ’, ‘दीपप्रज्वलन’, ‘ऋणनिर्देश’, ‘सांस्कृतिक वारसा’. मग इंग्रजी सुरू होते आणि जेवण किती वाजता, गाड्या कुठे लावायच्या, नाटक कोणत्या दालनात, हे सारे कामाचे तिच्यात सांगितले जाते. येथे मराठीला मखरात बसवले जाते आणि व्यवहार इंग्रजीच्या हाती जातो. याचा मोठा तोटा मुलालाच होतो. घरी ‘हात धुतलेस का’, ‘बूट बाहेर काढ’ ही मराठी त्याला उत्तम समजते. समारंभाची संस्कृतप्रचुर मराठी त्याच्या कानावर पूर्वी पडलेलीच नसते. ती कळली नाही, की आपल्याला मराठी येत नाही असाच निष्कर्ष तो काढतो. (प्रस्तुत लेखाची भाषाही त्याला कळणार नाही, पण हा लेख त्याच्या स्वागतासाठी लिहिलेला नाही.)

ही वाटणी उलटी करून पाहावी. समजा, अध्यक्षांकडे सात मिनिटे आहेत. पहिल्या मिनिटात इंग्रजीत पाहुण्यांचे स्वागत आणि दिवसाचा थोडक्यात आराखडा सांगावा, म्हणजे मराठी न येणाऱ्याला पुढे काय चालले आहे त्याचा अंदाज राहतो. नंतरची पाच मिनिटे साध्या, तोकड्या वाक्यांच्या मराठीला द्यावीत : ‘पहिली पंगत साडेबाराला बसेल. लहान मुले आधी जेवतील. मोदक पुरेसे आहेत, घाई करू नका.’ याचे भाषांतर करू नये. मोदकाची बातमी मराठीतच मिळणार असेल, तर मुलगा कान देतो. न कळलेला शब्द तो आजीला विचारतो आणि तेवढ्यापुरती आजी सभागृहातली जाणकार ठरते. शेवटच्या मिनिटात देणगीदारांचे आभार इंग्रजीत मानावेत. आग लागल्यास बाहेर पडण्याचे दरवाजे मात्र दोन्ही भाषांत सांगावेत. तेथे कोणताही प्रयोग नको.

या योजनेलाही मर्यादा आहे. सभागृहात निम्म्याहून अधिक मंडळी अमराठी असतील, तर पाच मिनिटांची मराठी हा त्यांच्यावर अन्याय होईल आणि तो वेळ दोन मिनिटांवर आणावा लागेल. शिवाय अध्यक्षांनाच साधी मराठी जड जाते असा प्रसंग येतो. वीस-तीस वर्षे परदेशात राहिलेल्या माणसाची समारंभी वाक्ये पाठ असतात, पंगतीची वाक्ये मात्र जुळवावी लागतात. त्यांनी ‘मी सगळ्यांना वेलकम करतो’ म्हटले, तर शुद्धतावाद्यांनी हसू नये. त्या वाक्यात उसना शब्द एकच आहे. बाकीचे सारे वाक्य, क्रियापदासकट, मराठी आहे आणि समोरच्या मुलाला ते कळलेले आहे.